गेस्ट लेक्चररचा अनुभव लपवू नका: परदेशातल्या लेक्चरर पदाच्या अर्जाबद्दल

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातली. भूजल विषयात पीएच.डी. झाली आहे, दोन कॉलेजांत गेस्ट लेक्चरर म्हणून शिकवते. परदेशात लेक्चरर पदासाठी टीचिंग स्टेटमेंट आणि रिसर्च प्लॅन कसा लिहायचा? गेस्ट लेक्चररशिप दाखवावी का? आणि कुठला देश बरा?

उत्तर:

दाखवा. सगळ्यात आधी दाखवा. मी खानापूर तालुक्यातली, विषय तुमचाच, आणि आज इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात लेक्चरर आहे. अर्ज करत होते तेव्हा आमच्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी माझा मसुदा वाचून विचारलं होतं, "गेस्टचं कशाला लिहायलीस? ज्याला धड पगार नाही तो अनुभव कसला? पेपर किती ते लिही, बाकी सगळं फॉर्मॅलिटी." त्यांचं ऐकलं नाही. आता निवडीसाठी आलेले अर्ज मी स्वतः वाचते, त्यामुळे जे लिहिते आहे ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून लिहिते आहे.

त्यांचं म्हणणं आपल्याकडच्या हिशोबाला धरून होतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या एका संशोधन पेपरला आठ गुण आहेत. त्यामुळे नोकरी म्हणजे पेपरांची बेरीज, अशी समजूत होते. ब्रिटनमध्ये जाहिरातीबरोबर 'पर्सन स्पेसिफिकेशन' नावाचा तक्ता येतो. उमेदवाराकडे काय हवं ते त्यात ओळीओळीने दिलेलं असतं आणि प्रत्येक ओळीपुढे 'एसेन्शियल' किंवा 'डिझायरेबल' असं लिहिलेलं असतं. निवड समितीतला प्रत्येक जण तुमचा अर्ज त्या ओळींवर तपासतो. एका एसेन्शियल ओळीचा पुरावा सापडला नाही, तर बाकी अर्ज कितीही चांगला असला तरी बाजूला पडतो. पदवीच्या वर्गाला शिकवल्याचा अनुभव ही ओळ बहुतेक वेळा एसेन्शियलमध्येच असते. मोठ्या संस्थांतून आलेले, माझ्याहून सरस पेपर असलेले उमेदवार याच ओळीवर अडकलेले मी पाहिले आहेत. त्यांनी कधी अख्खा विषय शिकवलेलाच नसतो, नुसती प्रॅक्टिकल सांभाळलेली असतात. तुम्ही सिलॅबस, परीक्षेचे पेपर काढणं, तपासणं, सगळं केलेलं आहे.

आता टीचिंग स्टेटमेंट. 'मी विद्यार्थिकेंद्री अध्यापनावर विश्वास ठेवते' या छापाची वाक्यं काढून टाका. ती प्रत्येक अर्जात असतात आणि त्यांना कुठल्याच ओळीवर गुण मिळत नाहीत. एक विषय, एक अडचण, तुम्ही काय केलं आणि त्याने काय बदललं, एवढंच सविस्तर लिहा.

माझं असं होतं. वर्ग बी.एस्सी.चा. पुस्तक इंग्रजी, पण पोरं कन्नड, मराठी आणि उर्दू माध्यमांच्या शाळांतून आलेली. जमिनीतून पाणी किती वेगाने वाहतं ते सांगणारा डार्सीचा नियम सगळ्यांना तोंडपाठ, पण परीक्षेत गणित आलं की निम्म्याहून जास्त उत्तरपत्रिकांत तो प्रश्न कोरा. मग मी त्यांना आपापल्या शेतातली विहीर मोजायला लावली. दोरीला दगड बांधून मे महिन्यात एकदा पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा. हुक्केरीकडच्या एका मुलाच्या विहिरीत पाणी चार मीटर चढलं होतं. आता जमिनीत मुरलं किती? पातळीतली वाढ गुणिले स्पेसिफिक यील्ड. म्हणजे खडकातून प्रत्यक्ष निथळून मिळणाऱ्या पाण्याचं खडकाच्या एकूण आकारमानाशी प्रमाण. आपल्याकडच्या झिजलेल्या बेसाल्टसाठी सरकारी मूल्यमापनात ते दोन टक्के धरतात. चार मीटर गुणिले 0.02, म्हणजे 80 मिलिमीटर. त्या मुलाने 0.02 ऐवजी 2 ने गुणलं आणि आठ मीटर उत्तर काढलं. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, तुमच्याकडं हजार मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, आठ हजार मुरलं कुठनं?" त्या दिवसापासून उत्तर पावसाशी ताडून बघायची सवय वर्गाला लागली. पुढच्या परीक्षेत कोरे प्रश्न फार थोडे राहिले.

हेच मी स्टेटमेंटमध्ये लिहिलं. चर्चा कन्नड-मराठीत करू द्यायची, लेखन इंग्रजीत करून घ्यायचं, हेही लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या दोन विषयांची नावं घेऊन, तिथे हा प्रयोग कसा बसवीन आणि गुण कशाला देईन ते सांगितलं. हा परिच्छेद सोडू नका. विभागाच्या वेबसाइटवर विषयांची यादी असते. ती न वाचता लिहिलेलं स्टेटमेंट पहिल्या पानातच ओळखू येतं.

मुलाखतीत समितीने माझ्या पेपरांवर जुजबी विचारलं. विहिरींवर मात्र बराच वेळ गेला. गणितात कच्च्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तुम्ही काय कराल, ज्याच्या घरी विहीर नाही त्याचं काय, असे प्रश्न आले. नंतर विभागप्रमुखांनी फोनवर सांगितलं की अध्यापनाच्या ओळीवर मला सगळ्यांनी पूर्ण गुण दिले होते. 'धड पगार नसलेला' अनुभव तो हाच.

रिसर्च प्लॅनबद्दल स्पष्टच बोलते. आपल्याकडून येणारा प्लॅन म्हणजे बहुतेक वेळा पीएच.डी.चा सिनॉप्सिस असतो: प्रस्तावना, पूर्वसंशोधन, उद्दिष्टं, पद्धती. आणि भूजलवाल्यांचा असेल तर हमखास 'अमुक तालुक्यातील ग्राउंडवॉटर पोटेन्शियल झोन'. उपग्रहाच्या प्रतिमा, उतार, माती, नाले, सगळ्यांना वजनं देऊन एक रंगीत नकाशा. तालुका बदलून तोच नकाशा पुन्हा काढणं हा पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन होऊ शकत नाही. त्यात प्रश्नच नाही, नुसती जागा आहे. स्वतःचा प्लॅन तपासायचा असेल तर त्यातली सगळी गावांची नावं खोडा. मागे काही उरलं तर तो प्लॅन.

माझा प्रश्न त्याच वर्गातल्या गणितातून आला. दोन टक्के हे ठरीव मूल्य, पण बेसाल्टसाठी एक ते तीन टक्के अशी कक्षा धरतात. एक धरला तर त्या विहिरीचं उत्तर 40 मिलिमीटर, तीन धरला तर 120. एकाच विहिरीत तिप्पट फरक, आणि किती बोअर मारू द्यायच्या हे त्यावर ठरतं. म्हणून प्लॅनचं पहिलं वाक्य मलप्रभा खोऱ्याबद्दल नव्हतं. ते असं होतं: भेगांच्या, कमी साठवणीच्या खडकात पाणीपातळी झपाट्याने चढते, पण त्यावरून साठा किती वाढला हे आज नीट सांगता येत नाही. मग दक्षिण इंग्लंडचा चॉक, म्हणजे तिथला मऊ पांढरा चुनखडक, आला. तो खडक वेगळा, पण तोही भेगांतून पाणी देतो, त्याचाही स्पेसिफिक यील्ड एखाद्या टक्क्याच्या आसपास असतो आणि हिवाळ्यात पातळी प्रचंड चढते. ससेक्समधल्या चिलग्रोव्हच्या विहिरीच्या नोंदी 1836 पासून आहेत. बेळगाव-हुक्केरीच्या विहिरी आणि ह्या नोंदी एका प्रश्नाखाली आल्या, तेव्हा तिथल्या लोकांना माझं काम परकं वाटेनासं झालं.

त्यानंतर वर्षवार मांडणी. पहिल्या वर्षात प्रबंधातला उरलेला पेपर आणि हाताशी असलेल्या नोंदींवरचं काम, ज्याला नवे पैसे लागत नाहीत. दुसऱ्या वर्षात विद्यापीठाच्या अंतर्गत छोट्या निधीतून काही ठिकाणी पंपिंग टेस्ट. तिसऱ्या वर्षात त्या निकालांच्या जोरावर एनईआरसीकडे मोठा प्रस्ताव. पर्यावरण विज्ञानाला ब्रिटनमध्ये निधी देणारी ही मुख्य संस्था. निधी देणाऱ्याचं नाव नसलेला प्लॅन तिथे अर्धवट समजतात, कारण लेक्चररने बाहेरून पैसे आणावेत ही अपेक्षा नोकरीतच धरलेली असते. विभागातल्या कोणाबरोबर काम कराल तेही लिहा, पण त्यांचे अलीकडचे पेपर वाचून.

आता मर्यादाही सांगते. हे सगळं ब्रिटनचं. अमेरिकेत पर्सन स्पेसिफिकेशनचा तक्ता सहसा नसतो. तिथे रिसर्च स्टेटमेंट आणि तीन शिफारसपत्रांचं वजन जास्त, आणि जाहिराती मुख्यतः ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये येतात. ऑस्ट्रेलियाची पद्धत ब्रिटनच्या जवळची. जर्मनीबद्दल मी बोलणार नाही. विज्ञानात थेट पीएच.डी.वरून लेक्चरर होणं अवघड असतं, मध्ये पोस्टडॉक लागतो, मीही केला. पेपरांशिवाय नुसत्या अध्यापनावर 'टीचिंग अँड रिसर्च' पद मिळत नाही, त्यामुळे पेपर बिनमहत्त्वाचे असं मी म्हणत नाही. शिवाय गेली काही वर्षं अनेक ब्रिटिश विद्यापीठं पदं कमी करत आहेत, तेव्हा एकाच देशावर अवलंबून राहू नका.

एक काम मात्र आजच करा. दोन्ही कॉलेजांकडून अनुभवाचं पत्र घ्या. गेस्ट लेक्चररला ते द्यायला कार्यालयं टाळाटाळ करतात, आणि दिलं तरी 'समाधानकारक काम केले' एवढी एकच ओळ असते. पत्राचा मजकूर तुम्हीच टाइप करून न्या: विषयाचं नाव, वर्ष, आठवड्याचे तास, विद्यार्थिसंख्या, पेपर काढला आणि तपासला हे वेगळं नमूद. प्राचार्यांची सही आणि शिक्का. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असं विद्यापीठाचं पत्रही त्याच फेरीत काढा. व्हिसासाठी भाषेचा पुरावा म्हणून पदवी वापरायची असेल तर एक्टिस या ब्रिटिश संस्थेकडून ती तपासून घ्यावी लागते, आणि त्यांना ते पत्र लागू शकतं. सेमिस्टर संपून कॉलेज बंद व्हायच्या आधी जा. नंतर क्लार्क भेटत नाहीत.