आधी ट्रॅक्टरवाले, मग शेतकरी

भाऊ, भाड्याच्या ट्रॅक्टरचं ॲप अख्ख्या जळगाव जिल्ह्यात एकदम उघडू नकोस. यावलची पाच-सहा गावं घे आणि आधी ट्रॅक्टरमालक जोड. वाफसा आला की रोटाव्हेटर सगळ्यांना एकाच आठवड्यात लागतो. शेतकरी आपणहून येतात, ट्रॅक्टर मिळत नाही.

कमिशनमध्ये नवखे हमखास चुकतात. समजा तासाला १००० रुपये भाडं, डिझेल-ड्रायव्हरचे ७००. तुझे १० टक्के म्हणजे १०० रुपये, पण मालकाच्या उरलेल्या ३०० मधला तिसरा हिस्सा! मग तो शेतकऱ्याचा नंबर घेऊन पुढचं काम परस्पर करतो. ॲपवर एकदाच बुकिंग करून गायब होणाऱ्या मालक-शेतकरी जोड्या मोज. त्या वाढल्या तर व्यवहार बाहेर चाललाय. सुरुवातीला ३ टक्केच घे, आणि बदल्यात मालकाला त्याच दिवशी पैसे मिळवून दे. त्याची उधारी महिनोन्महिने अडकते.