वाळवीने त्रेसष्ट खाल्ली, वाचकांनी अकरा

प्रश्न: वडिलांच्या पुस्तकांच्या खोलीचे गावासाठी वाचनालय करायचे आहे. घर गोव्यात आहे. पावसाळ्यात पुस्तके कशी टिकवावीत आणि ती घरी न्यायला द्यावीत का?

उत्तर:

माझे यजमान वकील होते आणि फोंडा तालुक्यातल्या आमच्या चिरेबंदी घरात त्यांची अभ्यासाची खोली पश्चिमेला होती. तिथल्या चार काचेच्या कपाटांना सदैव कुलूप असे. मी सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. पण वर्गातल्या मुलांसाठी एखादे पुस्तक मागितले की ते 'लेखनी पुस्तिका दारा परहस्ते गता गता' एवढे म्हणत आणि किल्ली खिशात टाकत. त्यावरून आमचे आयुष्यभर वाजत राहिले.

ते गेल्यानंतरच्या श्रावणात मी कपाटे उघडली. कापडी बांधणीच्या पुस्तकांवर हिरवट बुरशी होती आणि कसरीने पुठ्ठ्याची खळ खरवडून खाल्ली होती. खालचा खण बाहेरून शाबूत दिसत होता. पण एक पुस्तक ओढताच शेजारची चार त्याच्याबरोबर आली, कारण आत नुसती माती होती. कपाट भिंतीला टेकलेले असल्यामुळे मागून चढलेल्या वाळवीच्या मातीच्या रेघा कुणाला दिसल्याच नव्हत्या. त्रेसष्ट पुस्तके मला टाकून द्यावी लागली.

त्यानंतरची चूक माझी. ओल्या फडक्याने मी बावीस पुस्तके पुसली आणि चार दिवसांत त्यांच्यावर पहिल्याहून दाट बुरशी आली. बुरशीला हवी असते ती ओलच, आणि ती मीच पुरवली होती. पुस्तके वेगळ्या खोलीत सुटी उभी करून पंख्याखाली वाळू द्यायची आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की नाकाला कापड बांधून, घरापुढच्या बलकांवाच्या सावलीत मऊ ब्रशने झाडायची, हे मला नंतर कळले. कडक उन्हात ठेवाल तर पुठ्ठे वाकतात आणि कागद पिवळा पडतो.

किडीसाठी मी शेजारच्या मासळीच्या फ्रीजरची मदत घेतली. पुस्तके दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून शून्याखाली 18 अंशांवर दोन आठवडे ठेवली, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडली नाही, कारण थंड कागदाला आपली हवा लागली की त्यावर दव धरते. याने कसर आणि तिची अंडी मरतात, बुरशी मात्र मरत नाही. शेजारीण अजून विचारते, "बाई, यंदा पुस्तके कधी आणता?"

त्या खोलीचे वाचनालय करताना मांडणीही बदलली. पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा थेट बसतो आणि चिरा पाणी पितो, म्हणून ती भिंत मी रिकामी सोडली. लोखंडी उघडे रॅक पूर्वेला, भिंतीपासून चार इंच सोडून ठेवले आणि खालचा खण जमिनीपासून सहा इंच वर घेतला. सततच्या पावसात खिडक्या उघडून उपयोग नसतो, कारण बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असते. तेव्हा मी त्या बंद ठेवून पंखा मंद चालू ठेवते. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीची भीती असते आणि जुलैत यंत्राशिवाय ती खाली येणे कठीण. हात लावलेली पुस्तके तरीही तगतात, असा माझा दोन पावसाळ्यांचा अनुभव आहे. दुपारी चारनंतर येणारी मुले ज्या कादंबऱ्या आणि प्रवासवर्णने घरी नेतात त्यांच्यावर ठिपका नाही. बुरशी धरली ती कुणी न मागितलेल्या वरच्या रांगेने.

म्हणून पुस्तके घरी न्यायला द्याच. नोंदवही ठेवा, अनामत घेऊ नका. माझे दीर दर चतुर्थीला विचारतात, "वहिनी, किती बुडाली?" दोन वर्षांत अकरा बुडाली. मी त्यांना कपाटातल्या त्रेसष्टांची यादी दाखवते आणि विचारते, की कुलपाने नेमके काय राखले? यजमान असते तर त्यांनाही हेच विचारले असते, आणि त्यांनी त्यावरही एखादे सुभाषित काढले असते, हे मला ठाऊक आहे.

काही गोष्टी मात्र याला अपवाद आहेत. फोटोंचे आल्बम आणि चामडी बांधणीची पुस्तके फ्रीजरमध्ये घालू नका. मुले बसतात त्या खोलीत डांबरगोळ्या नकोत. वाळवी भिंतीत असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता जाणकार माणूस बोलवा, नाहीतर ती रॅकही शोधून काढते. आणि सगळेच वाटायचे नसते: यजमानांच्या पोर्तुगीज कायद्याच्या पुस्तकांची पाने पलटताना तुटतात, आणि त्यांच्या रोजनिशांमध्ये अशिलांची नावे आहेत. ते एक कपाट मी अजून कुलपातच ठेवते. ते भिंतीपासून सरकवले आहे आणि दर रविवारी सकाळी तासभर त्याची दारे उघडी असतात.