फ्लोट आणि जंप सर्व्हिसमध्ये बॉल नेमका कुठे मारायचा?

प्रश्न : मी कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात खेळतो. फ्लोट सर्व्हिस टाकतो, पण बॉल डुलतच नाही, सरळ जाऊन पासरच्या हातात पडतो. सिनिअर म्हणतात, जंप सर्व्हिस शिक. दोन्हींत फरक काय? आणि हात कुठे लागला की बॉल कसा वळतो?

उडीने फार काही बदलत नाही. उडी मारूनही फ्लोट टाकता येतो, हल्ली बरेच जण तोच टाकतात. खरा फरक फिरकीचा. तुमचे सिनिअर ज्याला जंप सर्व्हिस म्हणतात, त्यात बॉल पुढच्या दिशेने जोरात फिरतो. फ्लोटमध्ये तो जवळजवळ फिरतच नाही.

पुढे फिरणारा बॉल हवेला वर ढकलतो आणि स्वतः खाली ओढला जातो. ताशी ९० किलोमीटरने मारलेला बॉल फिरकीशिवाय २.४३ मीटरच्या नेटवरून काढला, तर तो बहुधा मागच्या रेषेबाहेरच पडेल. फिरकीमुळे तो नेट ओलांडून आत कोसळतो. त्यासाठी हात बॉलच्या मागून वर सरकत जातो आणि मनगट त्याच्यावरून पुढे वळतं. पासरला वेळ कमी मिळतो, पण बॉल कुठे येणार हे त्याला दिसतं.

फ्लोटचं उलट आहे. बॉलच्या पृष्ठभागावर पट्टे आणि खाचा असतात. बॉल फिरत नसेल तर एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला सपाट भाग असा बराच वेळ राहतो. दोन्ही बाजूंची हवा बॉलपासून वेगवेगळ्या ठिकाणी सुटते आणि बॉल एका बाजूला ढकलला जातो. तो अगदी हळू फिरत असेल तर खाचांची जागा बदलते, मग ढकलण्याची दिशाही बदलते. हेच ते डुलणं. जोरात फिरला की सगळ्या बाजूंची सरासरी होते आणि डुलणं संपतं. वेगाचंही तसंच आहे. फार हळू टाकला तर बॉल सोपा होतो, फार जोरात मारला तर डुलणं कमी होतं. मधल्या एका टप्प्यात तो सगळ्यात लहरी असतो.

आता तुमची अडचण. बॉलची त्रिज्या साधारण साडेदहा सेंटिमीटर. समजा तुम्ही सेकंदाला १६ मीटर वेगाने सर्व्हिस केली आणि हाताच्या जोराची रेषा बॉलच्या मध्यापासून फक्त एक सेंटिमीटर चुकली. ढोबळ हिशेबाने बॉल सेकंदाला साडेतीन फेऱ्या घेतो, म्हणजे पलीकडे पोचेपर्यंत चारेक. फ्लोट गेला! उड्डाणात एखादीच फेरी हवी असेल, तर चूक दोन-तीन मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. आकडा ऐकून घाबरू नका, सरावाने हात तिथे बसतो.

आमच्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलाची हीच तक्रार होती. आम्ही बॉलभोवती काळ्या मार्करने एक रेघ ओढली आणि बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. रेघ मोजली तर चार-पाच फेऱ्या, त्याही मागच्या दिशेने. मग तळव्याच्या टाचेला खडू चोळला आणि बॉलवर मध्यभागी एक ठिपका काढला. टॉस न फिरवता टाकायचा, ठिपका स्वतःकडे ठेवायचा. सर्व्हिसनंतर खडूचा डाग ठिपक्याच्या बोटभर खाली! कारण टॉस डोक्यावर, जरा मागेच जात होता. त्यामुळे हात खालून वर येत होता. मागे फिरणारा बॉल हवेत तरंगतो आणि लांब जातो, म्हणून त्याच्या सर्व्हिस बाहेरही पडत होत्या. टॉस मारणाऱ्या खांद्यासमोर, हातभर पुढे आणि कमी उंचीचा केला. पंधरा-वीस मिनिटांत डाग ठिपक्यावर येऊ लागला, आणि पहिल्यांदा पासर चुकला तेव्हा तोच जास्त चकित झाला होता.

तुम्हीही आधी टॉस तपासा. बोटांवरून घरंगळत सुटलेला बॉल हाताला लागायच्या आधीच फिरत असतो. तळव्यावरून सरळ उचलून सोडा. मनगट ताठ ठेवा, तळव्याची टाच बॉलच्या मागच्या मध्यावर लागू द्या आणि मारल्यावर हात तिथेच थांबवा. मनगट बॉलवरून पुढे वळलं की पुढची फिरकी येते, हात बाजूला गेला की बॉल केळ्यासारखा वळतो. डाग उजवीकडे दिसला तर बॉल डावीकडे वळेल, तेव्हा टॉस किंचित उजवीकडे टाकून पाहा.

मैदान उघडं असेल तर वारा तपासून घ्या. समोरच्या वाऱ्यात फ्लोट जास्त खट्याळ होतो. मागून वारा असेल तर तोच बॉल रेषेबाहेर जातो, तेव्हा तिथे मी तरी पुढच्या फिरकीचाच टाकेन.