पुस्तक उघडं आहे, पान सापडत नाही

"मॅडम, एम.ए.च्या एका विषयाची परीक्षा घरी न्यायची आहे, पुस्तकं उघडून लिहायची. बारा व्याख्यानं, टिपणांच्या दोन वह्या आणि वाचनाचा जाड गठ्ठा. घरचे म्हणतात, पुस्तक समोर असताना काळजी कसली? पण मला वेळेवर काहीच सापडत नाही. सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचू का?"
डिचोलीहून एक विद्यार्थिनी

नको. फोंड्याच्या एक शिक्षिका असाच गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या होत्या, त्यांचं काय झालं ते सांगते. नोकरी सांभाळून त्या इतिहासात एम.ए. करत होत्या. विषय होता गोव्यातली जमीन आणि कायदा. चौदा व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं होती, वाचनाची ३१० पानं होती आणि परीक्षेला बारा दिवस उरले होते. रोज संध्याकाळी जास्तीत जास्त दीड तास मिळायचा. गठ्ठ्यात रंगीत चिकट पट्ट्या लावलेल्या होत्या. आम्ही त्या मोजल्या, तर ११८ निघाल्या.

मी सहज विचारलं, "मुंडकार म्हणजे कोण, ते कुठल्या पानावर आहे?" पान सापडायला सहा मिनिटं लागली. आपण ते वाचलंय, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. पट्टीही होती, पण तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसती पट्टी 'इथे काहीतरी महत्त्वाचं आहे' एवढंच सांगते. कशासाठी महत्त्वाचं, ते सांगत नाही.

आम्ही सगळ्या पट्ट्या काढल्या. त्यांना वाईट वाटलं, कारण त्यात पंधरवड्याची मेहनत होती. मग बारा संध्याकाळी तीन फेऱ्यांत वाटल्या.

पहिल्या फेरीत प्रत्येक व्याख्यानाला दहा मिनिटं. ध्वनिमुद्रणाची पहिली तीन आणि शेवटची पाच मिनिटं ऐकायची. सुरुवातीला शिक्षक बहुधा आजचा प्रश्न मांडतात आणि शेवटी त्याचं उत्तर गुंडाळून देतात. उरलेल्या दोन मिनिटांत एकच ओळ लिहायची, तीही प्रश्नाच्या रूपात. 'व्याख्यान ३ : कोमुनिदाद' असं नाही, तर 'गावाची सामाईक जमीन नेमकी कोणाची?' असं. दोन संध्याकाळींत चौदा ओळींचा एक कागद तयार झाला. तो समोर ठेवल्यावर बाईंना एक गोष्ट दिसली, जी महिनाभर दिसली नव्हती: पाचवं आणि नववं व्याख्यान एकमेकांना चिकटलेलं आहे. पाचवं कुळांवर होतं, १९६४च्या कूळ कायद्यावर आणि कुळाला जमिनीचा मालक करणाऱ्या १९७६च्या दुरुस्तीवर. नववं मुंडकारांवर, १९७५च्या कायद्यावर. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा आणि मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा. एकच कुटुंब दोन्ही असू शकतं. घरी न्यायच्या परीक्षेत प्रश्न बहुधा अशाच सांध्यावर येतो. एका व्याख्यानात सरळ सापडेल असं विचारण्यात परीक्षकाला तिथे फारसा अर्थ नसतो.

दुसरी फेरी मोठी. एका व्याख्यानाला चाळीस मिनिटं, दिवसाला दोन, म्हणजे सात दिवस. पाच मिनिटं टिपणं चाळायची आणि पंचवीस मिनिटं त्या व्याख्यानाशी संबंधित पानं वाचायची, तीसुद्धा पेन हातात न घेता. शेवटच्या दहा मिनिटांत खुणा करायच्या. वाचता वाचता खूण केली की प्रत्येक परिच्छेद महत्त्वाचा वाटतो. वाचून संपल्यावर केली की निवड करावी लागते. व्याख्यानामागे तीनच पट्ट्या: पिवळी व्याख्येला किंवा कलमाला, हिरवी मुख्य युक्तिवादाला, गुलाबी अपवादाला किंवा मतभेदाला. पानाबाहेर डोकावणाऱ्या भागावर दोन-तीन शब्द लिहायचेच. एका कागदावर सूची: शब्द, कुठला गठ्ठा, पान.

गुलाबी पट्टीचा आग्रह मी मुद्दाम धरला. बाईंनी मुंडकाराच्या व्याख्येला पिवळी लावली होती, पण त्या व्याख्येत कोण बसत नाही तो भाग सोडून दिला होता. घराचं भाडं भाटकाराला देणारा माणूस मुंडकार ठरत नाही. प्रश्नात नेमका तोच तपशील घातला, तर फक्त व्याख्या वाचून लिहिलेलं उत्तर चुकणार. म्हणून नियम केला की पिवळी लावली की तिची गुलाबी शोधायची, आणि सापडली नाही तर सूचीत 'अपवाद नाही' असं स्पष्ट लिहायचं.

एका व्याख्यानाला मात्र ही फेरी लागू पडली नाही. १९६१नंतरही पोर्तुगीज काळातले कायदे कसे चालू राहिले, ते त्यांना कळलंच नव्हतं. न कळलेल्या पानाला पट्टी लावून ते कळत नाही. त्यांनी शिक्षकांना एक ओळीचा प्रश्न पाठवला आणि उत्तर आलं: १९६२च्या प्रशासन कायद्याने, सक्षम सत्तेने बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत, जुने कायदे चालू ठेवले. मग पट्टी लागली.

तिसऱ्या फेरीला दोन संध्याकाळी. नवऱ्याने चौदा ओळींवरून बारा प्रश्न विचारायचे. बाईंनी आधी पुस्तक बंद ठेवून दोन वाक्यांत उत्तर सांगायचं आणि मग दोन मिनिटांत पान काढायचं. बंद पुस्तकाचा भाग सोडू नका. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले. पहिल्या संध्याकाळी बारापैकी सात पानं वेळेत सापडली. उरलेल्या पाचांचा आम्ही छडा लावला. दोन पानांना खूणच नव्हती. तीन पानांची चूक सूचीच्या शब्दांत होती: सूचीत 'भूसुधारणा' आणि प्रश्नात 'कसेल त्याची जमीन'. त्या नोंदी दोन्ही शब्दांनी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी बारापैकी अकरा सापडली. एक संध्याकाळ राखीव होती, ती आजारपणात गेली.

परीक्षा ३६ तासांची, तीन प्रश्नांची होती. पण शाळा, झोप आणि स्वयंपाक वजा जाता हातात अकरा तास उरत होते, आणि हा आकडा त्यांनी आधीच काढला होता. पहिला तास फक्त प्रश्न वाचून प्रत्येकासमोर पानांचे क्रमांक लिहायला. मग प्रश्नामागे पाऊण तास पानं वाचायला आणि पावणेदोन तास लिहायला. दीड तास तपासणीला, एक तास राखीव. पानांचा पाऊण तास संपला की हाती असेल त्यावर लिहायला बसायचं, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. उघड्या पुस्तकात सगळ्यात जास्त वेळ 'अजून एक पान बघते' म्हणण्यात जातो.

तपासणीचा दीड तास भाषेच्या चुकांपेक्षा पानक्रमांकांसाठी होता. जसंच्या तसं उचललेलं प्रत्येक वाक्य अवतरणचिन्हांत आहे का आणि त्यासमोर पान आहे का, एवढंच बघायचं. त्यांना दोन वाक्यं अशी सापडली, जी टिपणात उतरवताना आपली समजून लिहिली होती. म्हणून टिपण काढतानाच उतारा असेल तर अवतरणचिन्ह टाकायची सवय ठेवा.

तुमची बारा व्याख्यानं दहा-दहा मिनिटांनी दोन तासांत होतात. ध्वनिमुद्रण नसेल तर टिपणांचं पहिलं आणि शेवटचं पान घ्या. आज रात्री फक्त तेवढं करा, आणि परीक्षेच्या सूचनांत कोणती साधनं चालतात व कोणाशी चर्चा चालते, हे त्याच कागदाच्या पाठीवर उतरवून ठेवा.