मुलीची दहावी आणि मधेच आलेली बदली: मुदत कशी मागावी?

प्रश्न: राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे, नाशिकच्या शाखेत कर्ज विभाग बघते. 18 नोव्हेंबरला रायपूरच्या बदलीचा आदेश आला, 1 डिसेंबरपर्यंत रुजू व्हायचंय. मुलगी दहावीत आहे, राज्य मंडळ. नवरा जहाजावर, एप्रिलच्या आत येणार नाही. घरी आम्ही दोघीच. बदली परीक्षेपर्यंत थांबवून मिळेल का? अर्ज कसा लिहू? शाखेतले म्हणतात, आमदारांचं पत्र लाव.

उत्तर:

आमदारांचं पत्र लावू नका. बँकेच्या अधिकाऱ्यांना लागू असलेल्या आचरण नियमांत नोकरीच्या बाबतीत राजकीय किंवा बाहेरचं वजन वापरायला मनाई आहे. ते पत्र उद्या तुमच्याच विरुद्ध लावता येतं. शिवाय व्यवहारातही ते आडवं येतं. जो उपमहाप्रबंधक आपल्या अधिकारात चार महिन्यांची मुदत देऊन मोकळा झाला असता, तो असं पत्र पाहिलं की सही करत नाही आणि फाइल वर पाठवून देतो. वर तुमच्या मुलीची दहावी कुणाला माहीत नसते.

मी अंचल कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढली. दर बदलीच्या मोसमात असे अर्ज ढिगानं यायचे आणि बहुतेकांत एकच गोष्ट असायची: माझी अडचण किती मोठी आहे. अडचण खरी असायची, पण अर्ज वाचणाऱ्यासमोर प्रश्न वेगळा असतो. रायपूरची खुर्ची चार महिने रिकामी राहणार का? नाशिकला तुमच्या जागी येणारा निघाला असेल तर एका टेबलावर दोघं होणार का? या दोन प्रश्नांना ज्या अर्जात उत्तर सापडायचं, त्यावर टिपण लिहायला दहा मिनिटं लागत. बाकीचे 'विचाराधीन' राहत, आणि तोवर कार्यमुक्तीची तारीख उलटून जाई.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी दोन फोन करा. पहिला रायपूरला, तुम्ही ज्यांच्या जागी जाताय त्या अधिकाऱ्याला. त्यांचीही बदली झालेली असणार. ते कुठे चाललेत, त्यांना घाई आहे का, त्यांची मुलं कितवीत आहेत, हे सरळ विचारा. नोव्हेंबरात आदेश आलेला माणूस शाळेपायी मार्चपर्यंत थांबायला तयार असण्याची शक्यता बरीच असते, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. तो तयार असेल तर त्यालाही त्याच्या कार्यालयात त्याच आठवड्यात अर्ज द्यायला सांगा आणि तुमच्या अर्जात तसं एक वाक्य घाला. दुसरा फोन तुमच्या जागी येणाऱ्याला. तो अजून सुटला नसेल तर तुमचं काम हलकं. तो आधीच्या शाखेतून कार्यमुक्त होऊन निघाला असेल तर तुमची बाजू बरीच कमजोर होते. अशा वेळी त्याच शाखेत न थांबता नाशिक परिसरातल्या कुठल्याही शाखेत एप्रिलपर्यंत काम करायची तयारी लिहून द्या. जवळपास एखादी जागा रिकामी असतेच आणि कुणाला तरी ती भरून हवी असते.

आता तारीख. 'परीक्षेपर्यंत' किंवा 'काही महिने' असं लिहू नका. दहावीची राज्य मंडळाची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चच्या मध्यापुढे संपते. पण 20 मार्चला सोडा असंही म्हणू नका, कारण 31 मार्चच्या वार्षिक ताळेबंदाच्या तोंडावर कर्ज विभागातला माणूस कुठलाही शाखाप्रमुख सोडत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली एक ठरावीक तारीख मागा, समजा 6 एप्रिल. या तारखेमुळे तुमचे शाखाप्रमुख तुमच्या बाजूनं येतात. थकीत कर्जांची वसुली, तपासणी, वर्षअखेर हे सगळं तुमच्या हातून पार पडणार असेल तर 'शिफारस करतो' हे दोन शब्द ते खुशीनं लिहितील. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे त्यांच्यामार्फतच जायला हवा. त्यांच्या शेऱ्याशिवाय वर थेट मेल टाकलात तर तो फिरून त्यांच्याकडेच अभिप्रायासाठी येतो आणि आठवडा जातो.

अर्जावर पहिला आक्षेप कुठला येतो तेही सांगते: 'मुलीला तिथेच राहू द्या, तुम्ही रुजू व्हा.' घरी जोडीदार किंवा आजी-आजोबा असतील तर हा आक्षेप खोडणं अवघड जातं, आणि अशांना मी स्थगितीच्या भरवशावर न राहता तिकडे जायची तयारी ठेवायला सांगायचे. तुमचं तसं नाही. नवरा जहाजावर आहे आणि घरात दुसरं मोठं माणूस नाही, हीच तुमच्या अर्जातली सगळ्यात वजनदार गोष्ट आहे. जहाज कंपनीच्या कराराची तारखेसह प्रत जोडा. दुसरा आक्षेप, 'मुलीला रायपूरच्या शाळेत घाला.' त्याचं उत्तर शाळेकडून घ्या. दहावीचे परीक्षा अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे भरले जातात, हॉलतिकीटही शाळेमार्फतच येतं. तुमच्या मुलीचा अर्ज भरून झाला असेल तर बोनाफाइडवर तेवढी एक ओळ मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. मंडळाचं वेळापत्रक जाहीर झालं असेल तर त्याची प्रत लावा, शाळेच्या पूर्वपरीक्षेच्या तारखा असतील तर त्याही. मुलीच्या गुणपत्रिका, मानसिक ताणाबद्दल डॉक्टरांचं पत्र, वर्गशिक्षिकेचं भावनिक पत्र हे काही लावू नका. चार कागदांची फाइल वाचली जाते.

मजकूर साधारण असा ठेवा, भाषा तुमच्या कार्यालयात चालत असेल ती:

> "दिनांक 18 नोव्हेंबरचा रायपूर येथील बदलीचा आदेश मला मान्य आहे. माझी मुलगी राज्य मंडळाच्या दहावीत असून तिचा परीक्षा अर्ज शाळेमार्फत भरला गेला आहे (बोनाफाइड सोबत). पती जहाजावर नोकरीस असून एप्रिलपूर्वी परतणार नाहीत (कराराची प्रत सोबत). घरी अन्य प्रौढ व्यक्ती नाही. या कारणास्तव माझी कार्यमुक्ती 6 एप्रिलपर्यंत पुढे ढकलावी, ही विनंती. रायपूर येथील सध्याच्या अधिकाऱ्यांनी तोवर तेथेच काम करण्याची तयारी दर्शवली असून त्यांचा अर्ज त्यांच्या कार्यालयात सादर झाला आहे. वरील तारखेस मी विनाविलंब कार्यमुक्त होऊन रुजू होईन. पुन्हा मुदत मागणार नाही."

पहिलं आणि शेवटचं वाक्य गाळू नका. बदली रद्द करून मागणारा अर्ज आणि पुढे ढकलून मागणारा अर्ज टेबलावर एकाच गठ्ठ्यात येतात, आणि पहिल्या वाक्यातच फरक कळला नाही तर दोन्ही एकाच शेऱ्यानं परत जातात. ही बदली बढतीमुळे झाली असेल तर आणखी जपून लिहा. 'जाणं शक्य नाही' असा सूर लागला की तो बढती नाकारल्याचा अर्थ घेता येतो, आणि पुढच्या बढतीच्या वेळी तो निघतो.

कायद्याचंही विचारणार असाल, म्हणून थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये मद्रासचे शालेय शिक्षण संचालक विरुद्ध ओ. करुप्पा थेवन या प्रकरणात म्हटलं आहे की बदली करताना कर्मचाऱ्याची मुलं शिकत आहेत या गोष्टीला योग्य वजन द्यावं, पण सेवेची निकड तातडीची नसेल तर. त्या प्रकरणात शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत बदली अमलात आणू नये असंही न्यायालयाने सांगितलं. अर्जात याचा उल्लेख एका ओळीत करता येईल. मी मात्र पहिल्या अर्जात करू नये या मताची आहे, कारण निकाल दिसला की कागद विधी विभागाकडे जातो. नकार आला आणि वर पुन्हा दाद मागायची वेळ आली तर तिथे तो घाला.

दुसरा निकाल मात्र आजच लक्षात ठेवा: 1989 चा, गुजरात वीज मंडळाचा. निवेदन दिलंय म्हणून बदलीचा आदेश थांबत नाही, आदेश स्थगित किंवा रद्द झाला नाही तर जावंच लागतं, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे अर्ज देऊन उत्तराची वाट बघत घरी बसणं धोक्याचं. एकदा कार्यमुक्तीचं पत्र निघालं की जुन्या शाखेच्या हजेरीपटावर तुम्ही नसता. संगणकप्रणालीत नाव रायपूरला जातं, पगारही तिकडूनच निघायचा असतो, आणि नाशिकला येऊन बसलात तरी ते दिवस विनापरवाना गैरहजेरीत धरता येतात. याच कारणानं आदेश हातात पडताच वैद्यकीय रजा टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रजा संपल्यावर प्रश्न तिथेच असतो आणि तोवर सहानुभूती संपलेली असते. त्यामुळे तुमची खरी मुदत 1 डिसेंबर नाही, कार्यमुक्तीच्या पत्राची तारीख आहे. शाखाप्रमुखांना आजच सांगा की अर्जावर निर्णय येईपर्यंत ते पत्र काढू नका. त्यांना काही दिवस ओढून धरता येतात, महिने नाहीत. अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या, आणि तिसऱ्या दिवशी अंचल कार्यालयात वेळ मागून प्रत्यक्ष भेटा. तिथे पाच मिनिटांत सांगायचं ते एवढंच: 6 एप्रिल, रायपूरची खुर्ची भरलेली आहे, घरात दुसरं कुणी नाही.

(राज्य सरकारी कर्मचारी हे वाचत असतील तर तुमचा रस्ता वेगळा. तुम्हाला 2005 चा महाराष्ट्राचा बदल्यांचा कायदा लागू आहे. बदल्या एरवी एप्रिल किंवा मे मध्ये व्हाव्यात असं त्यात आहे, आणि मधेच बदली करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. तुम्ही आधी ती कारणं मागा. खासगी कंपनीत असाल तर नेमणूकपत्रातलं बदलीचं कलम वाचून मग बोला.)

नकार आलाच तर रुजू व्हा, पण कोरड्या हातानं नाही. निघताना तीन गोष्टी लेखी मागा. नाशिकचं बँकेचं किंवा बँकेने भाड्यानं घेतलेलं घर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ठेवू देणं, याची तरतूद बऱ्याच बँकांच्या परिपत्रकात असते, ते परिपत्रक शोधून क्रमांकासह अर्ज करा. दुसरी, परीक्षेच्या काळातली हक्काची रजा. तिचा अर्ज रायपूरला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक जोडून द्या, कारण मार्चची रजा फेब्रुवारीत मागितली तर वर्षअखेरचं कारण पुढे येतं. तिसरी, सामान हलवण्याचा खर्च एप्रिल-मे मध्ये घेण्याची परवानगी. त्याच्या दाव्याला बहुतेक ठिकाणी कालमर्यादा असते आणि मुदतवाढ आधी मागितली तर मिळते. मात्र या तिन्हींचा उल्लेख पहिल्या अर्जात चुकूनही करू नका. समोर दोन पर्याय ठेवलेत तर कार्यालय त्याला स्वस्त पडणारा उचलतं, आणि इथे स्वस्त पर्याय म्हणजे तुम्ही 1 डिसेंबरला रायपूरला.