कौलारू घराच्या एलओडी आवृत्त्या करताना

खानापूरकडच्या कौलारू घराचे मॉडेल वॉकथ्रूसाठी हलके करताना, म्हणजे दुरून दाखवायच्या कमी त्रिकोणांच्या एलओडी आवृत्त्या करताना, संपूर्ण घरावर एकदम त्रिकोण कमी करणारे डेसिमेट चालवू नका. त्रिकोण फार कमी केले की वळचणीची पातळ कड आणि पडवीचे खांब वेडेवाकडे होतात.

पहिल्या आवृत्तीत छपराच्या मधल्या भागातील कौले नॉर्मल मॅपमध्ये बेक करून तिथे साधा उतार ठेवा. वळचणीची दातेरी कड आणि आढ्यावरची कौले मात्र भूमितीतच राहू द्या, कारण नॉर्मल मॅप पृष्ठभागावरचा छायाप्रकाश बदलतो, बाह्यरेषा बदलत नाही. दुसऱ्या आवृत्तीत दाते काढले तरी चालतील, पण भिंतीबाहेर आलेली वळचण आणि तिची जाडी काढू नका. ती गेली की घर नुसते खोके दिसते. खांब चौकोनी केले तरी त्यांच्यामधली मोकळी जागा शिल्लक असावी, तीच माझ्या मते पडवीची खरी ओळख आहे.

तपासण्यासाठी दोन्ही आवृत्त्यांना प्रकाशाचा परिणाम न होणारे काळे मटेरियल द्या आणि फिक्या आकाशासमोर, एका आवृत्तीच्या जागी दुसरी येते त्याच अंतरावरून पाहा. कड उडी मारताना दिसली, तर घर पडद्याच्या उंचीच्या 30 टक्क्यांऐवजी 20 टक्के उरल्यावर बदल होऊ द्या.