दूध कमी पडतंय असं वाटतं तेव्हा

प्रश्न: बाळ तीन आठवड्यांचं आहे. पंपाने जेमतेम 30 मिली दूध निघतं, म्हणून दोन वेळा वरचं दूध देते. अळीव-शतावरीने अंगावरचं दूध वाढेल का?

अळीव जरूर खा, पण दूध वाढतं ते स्तन वारंवार रिकामे झाल्याने. मी प्रसूतीनंतरच्या वॉर्डात परिचारिका आहे, हे रोज बघते. दूध साचून राहिलं की शरीर ते बनवणं मंदावतं. बाटलीच्या वेळी नेमकं तेच होतं. म्हणून चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजा, रात्रीही. तोंडात नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही बराचसा हवा. मग चोखण्याची लय संथ होते आणि गिळल्याचा आवाज येतो. गिळणं थांबलं की स्तन हलका दाबा, मग दुसऱ्या बाजूला घ्या. बाटलीआधी अंगावर पाजा, आणि बाटलीच्या वेळी दूध पिळून काढा. पंपात किती निघालं यावर जाऊ नका, बाळ सहसा त्याहून जास्त ओढतं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. मात्र वरचं दूध एकदम बंद करू नका. बाळ अजून जन्मवजनावर आलं नसेल, तर आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि स्वतःचं थायरॉइड तपासून घ्या.